चार टाळ्यांची ओळ

ग्रंथालय सप्ताहाला दहा दिवस उरले होते तेव्हा मी दोन ओळींचं पहिलं पद्य साध्या कागदावर लिहिलं आणि ग्रंथालयाच्या दारावर चिकटवलं. मुलं काय करतात ते बघायचं होतं, इतकंच. मधल्या सुट्टीत दुसरीतला एक मुलगा दारापाशी थांबला आणि मोठ्यानं वाचायला लागला:

पुस्तकांच्या गावी जाऊ,
कपाट उघडू, पाहू.

पहिली ओळ त्यानं डोलत म्हटली. दुसऱ्या ओळीत 'कपाट'पाशी अडला, मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, 'कपाट उघडू' म्हणून परत थांबला, 'पाहू' हे तोंडातल्या तोंडात म्हणाला आणि पळाला. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. शब्द तर सगळे ओळखीचेच होते. अडखळली ती ओळ, आणि ती मी लिहिली होती.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. त्या सप्ताहासाठी भिंतीवर, कपाटांवर आणि जिन्यात लावायला बारा छोटी पद्यं करायचं काम मी मागून घेतलं होतं. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं घ्यायची हे आधीच ठरवलं होतं. अष्टाक्षरी आपल्या कानात लहानपणापासून असते, ओव्या-अभंगांतूनही ती भेटते, आणि मोजायला सोपी. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, लघु-गुरूचा हिशेब ठेवायचा नाही. बोटांवर आठ भरले की ओळ झाली. वरच्या दोन्ही ओळी याप्रमाणे बिनचूक आहेत. पु-स्त-कां-च्या-गा-वी-जा-ऊ, आठ. क-पा-ट-उ-घ-डू-पा-हू, आठ. तरी एक चालली आणि एक पडली.

त्या दिवशी घरी जाऊन मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हटल्या, आणि काय झालं ते कळलं. मराठी लिहिताना आपण 'कपाट' तीन अक्षरी लिहितो, पण बोलताना शेवटचा 'ट' पाय मोडूनच म्हणतो. तोंडात दोनच तुकडे येतात, क-पाट्. 'उघडू'मधला 'घ'सुद्धा असाच मोडतो, उघ्-डू. म्हणजे कागदावरची आठ अक्षरं तोंडात सहा होतात. पहिल्या ओळीत मात्र एकही अक्षर गळत नाही, ती आठच्या आठ उच्चारली जातात. मुलाच्या जिभेला पहिल्या ओळीनं आठाची सवय लावली आणि दुसरीनं सहावर सोडून दिलं.

ओवी गाताना हे जाणवत नाही, कारण गाणारी बाई शेवटच्या 'अ'ला स्वर देते. 'पान' तिच्या तोंडी 'पा-न' असं सावकाश दोन अक्षरांचं होतं, म्हणून आठाची मोजणी तिथे खरी ठरते. भिंतीवरची ओळ मात्र कोणी गात नाही. मूल ती बोलतं, बहुतेक वेळा चालता चालता. कागदावर अक्षरं मोजून इथे भागणार नव्हतं. तोंडात काय उरतं तेही मोजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांनाच घेऊन बसले. बडबडगीत म्हणताना मुलं आपोआप टाळ्या वाजवतात, तशा वाजवायच्या आणि प्रत्येक ओळीला किती बसतात ते बघायचं. 'पुस्त, कांच्या, गावी, जाऊ', चार टाळ्या. 'कपाट, उघडू, पाहू', तीन. चौथी टाळी हवेत राहिली आणि सगळी मुलं एकदम हसली. मला जे समजायला एक अख्खी संध्याकाळ लागली, ते त्यांच्या हातांना लगेच कळलं.

मग नियम सोपा झाला. ओळीत अक्षरं आठ, टाळ्या चार, आणि शक्यतो चौथ्या अक्षरावर शब्द संपायला हवा, म्हणजे ओळीचे चार-चार असे दोन तुकडे पडतात. कपाटाची ओळ अशी बदलली:

पुस्तकांच्या गावी जाऊ,
कपाटात काय, पाहू.

'कपा, टात, काय, पाहू', चार टाळ्या बरोबर बसल्या. तोंडी अक्षरं अजूनही सहाच आहेत, पण आता त्याचा त्रास होत नाही, कारण टाळी कुठे पडणार ते कानाला आधीच कळतं. 'जाऊ'ला 'पाहू' हे कागदावर निर्दोष यमक नाही, तिथे 'ह' आडवा येतो. पण बोलताना तो 'ह' इतका पुसट होतो की मुलांच्या कानाला काही खटकलं नाही. ते मी तसंच ठेवलं.

चार-चारचा हा नियम अगदी दगडावरची रेघ नाही, हेही लवकरच दिसलं. एका मोठ्या कपाटासाठी मी लिहिलं होतं:

एवढेसे हे कपाट,
आत समुद्र अफाट.

इथे टाळी शब्दाच्या पोटात पडते. 'एव, ढेसे, हे क, पाट' आणि 'आत, समु, द्र अ, फाट'. तरी मुलांनी हे पद्य एका दमात म्हटलं, कारण दोन्ही ओळींत शब्द त्याच जागी, तिसऱ्या टाळीला चिरला जातो. दोन्ही ओळी सारख्याच वाकड्या असल्या तर कान कुरकुर करत नाही. एक सरळ आणि एक वाकडी असली की मूल अडखळतं. मुलांनी दिलेल्या चिठ्ठ्या तपासताना मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

चिठ्ठ्या म्हणजे असं, की बारापैकी निम्मी पद्यं मुलांची असावीत म्हणून मी पाचवी ते सातवीच्या वर्गांत एक खोका फिरवला. पहिल्या दिवशी बावीस चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या पंधरा चिठ्ठ्यांत एकच यमक होतं, 'पान' आणि 'ज्ञान'. उरलेल्यांत 'छान' आणि 'महान'. मुलांना मी दोष देत नाही. वाचनाबद्दल लिही म्हटलं की हाताशी पहिला शब्द तोच येतो, कारण मोठ्यांनी तोच इतक्या वेळा सांगितलेला असतो. पण 'ज्ञान' शेवटी आलं की त्याच्या मागची ओळ आपोआप उपदेशाची होते. 'मिळवावे', 'वाढवावे', 'घ्यावे' अशी क्रियापदं रांगेनं येतात, आणि वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर काहीच दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी खोका पुन्हा फिरवताना एक अट घातली. 'ज्ञान', 'छान', 'महान' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. आणि ओळीत अशी एक तरी वस्तू हवी, जी ग्रंथालयात बोट दाखवून दाखवता येते. फळी, शिडी, खिडकी, पुस्तकाची पाठ, पानाचा कोपरा, काहीही चालेल. या वेळी चिठ्ठ्या कमी आल्या, चौदाच, पण वाचताना मी दोनदा उठून कपाटाकडे बघितलं. पाचवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं:

पान म्हणे, सोड कान,
नाहीतर मी हैराण.

पानाचा कोपरा दुमडणं म्हणजे पानाचा कान पिरगळणं, हे त्यानं बघितलं होतं. ग्रंथालयात इतकी वर्षं काम करून मला ते कधी सुचलं नव्हतं. पहिली ओळ तर अशी, की तिला हात लावायची माझी छाती झाली नसती. 'पान, म्हणे, सोड, कान', चारही शब्द दोन-दोन अक्षरांचे आणि प्रत्येकावर एक टाळी.

दुसऱ्या ओळीत मात्र 'कान'ला 'हैराण' जुळत नव्हतं. ज्यांच्या बोलण्यात 'ण' हा 'न'सारखाच येतो त्यांना हे यमक पुरं वाटेल, आणि त्यांच्या कानाचं काही चुकतं असं मला म्हणायचं नाही. पण शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं यमक डोळ्यांनीही वाचलं जातं. लिहायला नुकतं शिकलेलं मूल शेवटच्या अक्षराकडे आधी बघतं, आणि तिथे दोन वेगळी अक्षरं दिसली की बुचकळ्यात पडतं. मराठीत अशा शब्दांचं यमक भरायला शेवटचं अक्षर जुळावं लागतं आणि त्याच्या आधीचा स्वरही. 'कान' आणि 'मान' जुळतात. 'कान' आणि 'ऊन' जुळत नाहीत, जरी दोन्हींच्या शेवटी 'न' असला तरी. 'वाचतो' आणि 'खेळतो' हेही याच कारणानं लंगडं यमक आहे, तिथे फक्त प्रत्यय जुळतो. 'वाचतो'ला 'नाचतो' मिळाला तर ते खरं.

मी त्या मुलाला बोलावून विचारलं, "कान सोड असं पान म्हणतंय. मग मुलानं करायचं काय?" तो म्हणाला, "खूण ठेवायची ना, बाई." त्याचं ते उत्तर अर्धी ओळ होतं. उरलेल्या अर्ध्या ओळीसाठी आम्ही 'न'कारान्त शब्द फळ्यावर मांडले, भान, रान, मान, दान, तहान, लहान. 'मान' त्यानंच उचलला.

पान म्हणे, सोड कान,
खूण ठेव, राख मान.

हे पद्य देवघेवीच्या टेबलावर लावलं आणि त्याच्या खाली रंगीत कागदाच्या पट्ट्यांचा डबा ठेवला. खूण ठेव असं सांगायचं आणि खूण हाताशी नसायची, असं नको होतं.

या पद्यातून आणखी एक गोष्ट हाती लागली, ती क्रियापदांची. आधी मी 'वाचा', 'करा', 'जपा' असं सगळ्यांना उद्देशून लिहीत होते. 'सोड', 'ठेव', 'राख' हे एकट्याला म्हटलेलं आहे. ही एकेरी आज्ञा दोन अक्षरांत मावते, व्यंजनावर थांबते, म्हणून टाळी तिच्यावर ठसठशीत पडते. शिवाय समोर उभ्या असलेल्या मुलाला वाटतं की हे आपल्यालाच म्हटलंय. त्या संध्याकाळी बसून मी माझी सगळी 'करा' आणि 'जपा' काढून टाकली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सर्वांत खालच्या फळीवर. तिथे ऊन, वारा, पाऊस, ढग यांवरची नऊ पुस्तकं आहेत. लहान मुलांसाठीच आहेत, पण कोणी वाकून बघत नाही म्हणून तिथेच पडून असतात. मला त्या फळीसाठी पद्य हवं होतं. आधी असं झालं:

खालचीच फळी बघ,
तिथे लपलाय ढग.

टाळ्या चार-चार होत्या, वस्तू होती, गंमत होती. मी खूश होऊन मराठीच्या बाईंना दाखवलं. त्या वाचून म्हणाल्या, "बघ आणि ढग? घ ला ग कसा जुळेल?" मी म्हटलं, बोलताना बहुतेक मुलं 'बग'च म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर. उद्या 'बग' असं वहीत लिहिलं तर लाल शाई कोणाची?" ते पटलं. कानाला चालतं म्हणून 'जाऊ-पाहू' ठेवलं होतं, पण तिथे लिहिताना चूक होण्याचा संभव नव्हता. इथे तो होता.

'बघ'ला नेमका जुळणारा शब्द मला सापडेना. तेव्हा मी उलटं केलं. 'ढग' हा शब्द सोडायचा नव्हता, कारण सगळं चित्र त्याच्यात होतं. तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी पक्का बसवला आणि त्याला जुळणारे शब्द लिहीत गेले, जग, मग, धग, तग, लगबग. 'जग' तर 'ज्ञान'चाच भाऊ, तो बाजूला ठेवला. 'मग' साधा आहे, बोलण्यातला आहे, आणि 'मग' म्हटलं की त्याच्या आधी काहीतरी करायचं असतं. काय करायचं? वाकायचं. ओळ तिथेच पूर्ण झाली:

खाली वाक, बघ मग,
फळीवर झुले ढग.

तेव्हापासून मी आधी दुसरी ओळ लिहिते. जो शब्द मुलाच्या मनात राहायला हवा तो शेवटी ठेवते, आणि पहिल्या ओळीला त्याला जुळेल असा हलका, रोजचा शब्द देते. पहिली ओळ आधी लिहिली की दुसरीत यमकासाठी काहीही ओढून आणावं लागतं, आणि बोजड शब्द नेमका तिथे येतो जिथे सगळ्यात जास्त लक्ष जातं.

एका पद्यावर मात्र मला पाणी सोडावं लागलं, आणि ते मला फार आवडलेलं होतं.

रोज थोडे तरी वाचा,
गोड होई मग वाचा.

पहिला 'वाचा' म्हणजे पुस्तक वाचा, दुसरा म्हणजे वाणी. एकच शब्द, दोन अर्थ. पण हा खेळ फक्त कागदावर आहे. पुस्तक 'वाचा'मधला 'च' आपण 'चमचा'तल्या 'च'सारखा, जीभ दातांमागे टेकवून म्हणतो. वाणी या अर्थाच्या 'वाचा'तला 'च' 'चहा'तल्यासारखा तालव्य आहे. लिहायला एकच अक्षर, उच्चार दोन. चौथीतल्या एका मुलीनं दोन्ही ओळी दंततालव्य 'च'नं वाचल्या आणि मला विचारलं, "काय वाचलं की गोड होतं, बाई?" मी समजावून सांगितल्यावर तिला कळलं. पण भिंतीशेजारी मी आठ दिवस उभी राहणार नव्हते. समजावून सांगावं लागतं ते पद्य वहीत चालेल, भिंतीवर नाही. ते काढलं.

लावण्याचं काम चित्रकलेच्या सरांकडे होतं. त्यांनी ए-थ्री कार्डशीट घेतली, म्हणजे बेचाळीस सेंटिमीटर बाय जवळजवळ तीस, आणि नमुना म्हणून ढगाचं पद्य उभ्या कागदावर लिहिलं. अक्षर सुंदर होतं. पण उभ्या कागदावर अख्खी ओळ मावेना, म्हणून 'फळीवर झुले' एका ओळीत आणि 'ढग' एकटा खाली गेला होता. 'मग' वर उजवीकडे, 'ढग' खाली डावीकडे. दोघांची गाठ डोळ्यांना दिसतच नव्हती, आणि वाचताना 'झुले'नंतर एक अवेळी थांबा येत होता.

मी सरांना म्हटलं, कागद आडवा करू या. आडव्या कागदाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर सोडले तर छत्तीस उरतात. आठ अक्षरं आणि शब्दांमधल्या जागा धरून एका अक्षराच्या वाट्याला साधारण साडेतीन सेंटिमीटर येतात. पण जिन्याच्या खांबांवर आडवा कागद बसत नव्हता. तिथे चार-चारची तोड कामाला आली. ओळ चौथ्या अक्षरावर मोडते, म्हणून दोन ओळींच्या चार करता येतात:

खाली वाक,
बघ मग,
फळीवर
झुले ढग.

'मग' आणि 'ढग' दोन्ही ओळीच्या टोकाला राहिले, आणि अक्षरही मोठं झालं. 'एवढेसे हे कपाट' मात्र असं मोडता येत नाही, कारण 'आत समु' असा तुकडा पडतो. ते आडव्याच कागदावर गेलं. पद्य कुठे लागणार हे आधी ठाऊक असेल तर ओळ कुठे तुटू शकते ते लिहितानाच बघावं, असं आता मी सगळ्यांना सांगते.

अक्षरं आधी स्केचपेननं काढली होती. जवळून ठीक दिसायची, पण पाच-सहा पावलं मागे गेलं की नुसती शिरोरेषाच डोळ्यांत भरायची आणि खालचं अक्षर फिकं पडायचं. सरांनी चपट्या टोकाचा मार्कर घेतला आणि अक्षराची उभी रेघ शिरोरेषेइतकीच जाड केली. दोन ओळींमध्ये जागाही वाढवली, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसत होती. मग मी आणि ते व्हरांड्यात दोन टोकांना उभे राहून बघत होतो. जिथून मला 'घ' आणि 'ध' वेगळे ओळखता आले, तिथपर्यंत ते अक्षर चालतं असं धरलं. पिवळा रंग पांढऱ्या कागदावर तिथून दिसतच नव्हता, तो बाद झाला.

जिन्यासाठी एक पद्य मला खास करायचं होतं. जाड पुस्तकाला मुलं घाबरतात. हातात घेतात, शेवटच्या पानाचा आकडा बघतात आणि परत ठेवतात. त्यासाठी असं लिहिलं:

जाडजूड? मग काय!
पायरीला एक पाय.

शिक्षकांच्या खोलीत हे वाचून दोघांनी अर्थ विचारला. कागदावर तो खरंच चटकन लागत नाही. पण जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर लावल्यावर कोणीही विचारलं नाही. मुलं 'पाय' म्हणताना पाय टाकत होती. काही पद्यांचा निम्मा अर्थ ती लावलेल्या जागेत असतो, हे मला जिन्यानं शिकवलं.

ढगाचं पद्य आम्ही जमिनीपासून हातभर उंचीवर, फळीच्या कडेलाच लावलं. उभं राहून ते दिसतं, पण वाचता येत नाही. वाचायला वाकावं लागतं, आणि वाकलं की समोर पुस्तकंच असतात. सप्ताहाच्या सहा दिवसांत त्या नऊपैकी पाच पुस्तकं बाहेर गेली. त्याआधीच्या महिन्यात एकच गेलं होतं. हे सगळं पद्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण लावताना आम्ही ती फळी पुसलीही होती आणि दोन पुस्तकं पाठीऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडली होती. दारावरच्या 'पुस्तकांच्या गावी जाऊ'मुळे मात्र कुठल्याही एका कपाटाची देवघेव वाढलेली मला दिसली नाही. एका मुलानं ते वाचून विचारलं होतं, "कुठल्या कपाटात बघायचं?" त्याचं उत्तर त्या पद्यात नव्हतं. पुढच्या वेळी दारावर काहीतरी नेमकं लिहीन.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी पद्यं उतरवायला गेले. ढगाच्या कागदाखाली वहीचं अर्धं पान चिकटवलेलं होतं. पेन्सिलीनं, तिसरी-चौथीचं अक्षर:

ढग संपला की, बाई,
पाऊस का आला नाही?

मी जमिनीवर बसून टाळ्या वाजवून बघितल्या. 'ढग, संप, लाकी, बाई.' 'पाऊस, का, आला, नाही.' चार आणि चार. अक्षरं मोजली, आठ आणि आठ. 'बाई'ला 'नाही', तोच पुसट 'ह'. फळीवर बघितलं, तर खरंच, पावसाचं पुस्तक तिथे नव्हतं. ते कोणीतरी चुकून प्राण्यांच्या फळीत ठेवलं होतं. ते शोधून ढगाच्या शेजारी उभं केलं आणि बाकीचे कागद उतरवले, पण ती दोन पद्यं तिथेच ठेवली.